बाणाखाली माणूस लिहा: चलनवाढ, व्याजदर आणि पैशाचा पुरवठा एका साखळीत

चलनवाढीचा धडा संपला की मी फळ्यावर दोन वाक्यं लिहितो. एक, व्याजदर वाढले की चलनवाढ कमी होते. दोन, चलनवाढ वाढली की व्याजदर वाढतात. मग विचारतो, यातलं खरं कुठलं? वर्ग लगेच दोन गटांत फुटतो. पाठांतर पक्कं असलेले पहिल्या वाक्याच्या बाजूने, बातम्या वाचणारे दुसऱ्याच्या. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, "सर, दोन्ही खरी आहेत." मी म्हणतो, "बरं. मग आलेख काढला तर दोन्ही रेषा बरोबर चढताना दिसतील, की एक चढेल आणि दुसरी उतरेल?" यावर सगळे गप्प.

दोष मुलांचा नाही. धड्याची मांडणीच अशी असते की पैशाचा पुरवठा एका प्रकरणात, व्याजदराचे सिद्धांत दुसऱ्यात आणि चलनवाढीची कारणं-परिणाम-उपाय तिसऱ्यात. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलं तिन्ही जोडायला एक त्रिकोण काढतात. तीन टोकांना तीन शब्द आणि मधे दोन्ही टोकांना बाण असलेल्या रेषा. हा त्रिकोण दिसायला सुबक असतो, पण त्यातून एकाही प्रश्नाचं उत्तर निघत नाही. रेषेच्या दोन्ही टोकांना बाण काढला, म्हणजे आधी काय घडतं हे मला ठाऊक नाही, असं आपणच लिहून दिलं.

म्हणून त्रिकोण खोडायचा आणि सरळ साखळी काढायची. तिचे नियम दोनच. पहिला, चौकटीत नुसतं नाव लिहायचं नाही, घटना लिहायची. "व्याजदर" ही चौकट होऊ शकत नाही, "मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवला" ही होते. दुसरा नियम जास्त महत्त्वाचा. प्रत्येक बाणाखाली एक माणूस लिहायचा. हे काम कोण करतं, कशासाठी करतं आणि करायला किती वेळ लागतो. बाणाखाली माणूस सापडला नाही, तर मधली एखादी कडी सुटली आहे असं समजायचं.

"व्याजदर वाढला → चलनवाढ घटली" हा बाण या नियमावर तपासून पाहा. मधे कोण आहे? व्याजदर वाढला म्हणून दुकानदार स्वतःहून भाव वाढवायचं थांबवत नाही. उलट त्याच्या डोक्यावर कर्ज असेल तर त्याचा खर्चच वाढलेला असतो. म्हणजे या एका बाणात बऱ्याच कड्या दडपल्या आहेत. त्या एकेक करून बाहेर काढू.

पहिली कडी: मध्यवर्ती बँक ते बँक

चलनवाढ वर चालल्याचे आकडे येतात. ते पाहून मध्यवर्ती बँकेची समिती व्याजदर वाढवते. हा पहिला बाण, आणि याच्याखाली लिहायचा माणूस म्हणजे ती समिती. वेळ, काही आठवडे ते काही महिने. तुमच्या दुसऱ्या वाक्याची, चलनवाढ वाढली की व्याजदर वाढतात याची, जागा इथे, साखळीच्या अगदी तोंडाशी आहे.

समिती जो दर बदलते तो तुमच्या-माझ्या कर्जाचा नसतो. बँकांना अगदी थोड्या मुदतीसाठी, बहुधा एका रात्रीपुरता, पैसा लागतो, त्याचा तो दर असतो. बँकेला स्वतःला पैसा महाग पडू लागला की ती पुढच्या कर्जदाराला स्वस्तात देत नाही. इथला माणूस म्हणजे बँकेचा कर्ज विभाग. हा बाण लवकर पोचतो, म्हणून यावर फार थांबत नाही.

दुसरी कडी: व्यापाऱ्याचं गणित

थांबायचं ते इथे. समजा एक घाऊक व्यापारी आहे. तो १०० एककांचं कर्ज काढून माल भरतो, वर्षभराने विकतो आणि व्याजासह कर्ज फेडतो. व्याज ६ टक्के आहे आणि त्याच्या मालाचे भाव वर्षाला ९ टक्क्यांनी वाढतायत. वर्षाअखेर माल १०९ ला जातो, बँकेला १०६ द्यायचे. काहीही न करता, नुसता माल गोदामात ठेवून ३ सुटले. असा माणूस काय करेल? आणखी कर्ज काढेल, आणखी माल भरेल. त्याच्यासारखे हजारो जण तेच करतील आणि त्या खरेदीनेच भाव आणखी चढतील.

आता व्याज १४ टक्के करू आणि भाववाढ १० टक्के. माल ११० ला गेला, फेड ११४ ची. पदरचे ४ गेले. तिसऱ्यांदा व्याज फक्त ९ टक्के ठेवू, पण भाववाढ २ टक्के. माल १०२ ला, फेड १०९ ची. पदरचे ७ गेले.

या तीन ओळी वहीत एकाखाली एक लिहा आणि विचारा, सगळ्यात महाग कर्ज कुठलं? पाटीवर १४ टक्के लिहिलंय ते नव्हे, ९ टक्केवालं. व्यापाऱ्याला जाणवतं ते व्याज म्हणजे पाटीवरच्या व्याजातून भाववाढ वजा करून उरतं ते. याला वास्तव व्याजदर म्हणतात. पाटीवरच्याला मौद्रिक व्याजदर. पुस्तकात हे समीकरण एका ओळीत उरकलेलं असतं आणि मुलंही एका ओळीत पाठ करतात. माझ्या मते अख्ख्या धड्याची किल्ली याच ओळीत आहे, कारण फळ्यावरच्या कोड्याचं उत्तर इथे मिळतं. चलनवाढ ५ वरून ९ वर गेली आणि मध्यवर्ती बँकेने व्याज ५ वरून ७ वर नेलं, तर बातमी "व्याजदर वाढले" अशीच येईल. पण वास्तव दर शून्यावरून उणे २ वर आलेला असेल. म्हणजे कर्ज स्वस्त झालं. चलनवाढ आणि मौद्रिक व्याजदर बरोबरच चढताना दिसतात आणि तरी चलनवाढ हटत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

बारकावा एकच. वर्षाच्या सुरुवातीला कर्ज काढताना पुढच्या बारा महिन्यांत भाव किती वाढतील हे व्यापाऱ्याला माहीत नसतं. तो अंदाज बांधतो. म्हणजे वजाबाकी होते ती झालेल्या भाववाढीची नाही, अपेक्षित भाववाढीची. हा शब्द बाजूला लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

तर या बाणाखालचा माणूस म्हणजे कर्ज काढू पाहणारा व्यापारी, कारखानदार, घर घेणारं कुटुंब. वास्तव दर चढला की तो बेत पुढे ढकलतो. वेळ, काही महिन्यांपासून वर्षापर्यंत, कारण हाती घेतलेलं काम कुणी अर्ध्यात सोडत नाही.

तिसरी कडी: पैशाचा पुरवठा कुठे बसतो

पुस्तकात पैशाचा पुरवठा आधी येतो, म्हणून मुलं साखळीतही तो आधी लिहितात. पुरवठा घटला, मग व्याज वाढलं. कागदावर हे चुकीचं नाही. पण आजच्या बहुतेक मध्यवर्ती बँका व्याजदर ठरवतात आणि पुरवठा त्याच्या मागून बदलतो. कसा, हे वाणिज्य शाखेच्या मुलांना इतर कुणाहीपेक्षा चटकन समजायला हवं, कारण ती एक साधी रोजकीर्द नोंद आहे.

बँकेने एखाद्याला १०० चं कर्ज मंजूर केलं. बँकेच्या वहीत काय नोंद होईल? कर्जदाराचं कर्ज खातं नावे १००, त्याचंच ठेव खातं जमा १००. बस. दुसऱ्या कुणाच्या ठेवीतून पैसे काढून याला दिलेले नाहीत, कुणाचीही शिल्लक कमी झालेली नाही. बँकेच्या ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला १०० वाढले, देयतेच्या बाजूला १०० वाढले. आणि लोकांच्या बँकेतल्या ठेवी म्हणजे पैशाच्या पुरवठ्याचा मोठा हिस्सा. म्हणजे त्या नोंदीच्या क्षणी पैशाचा पुरवठा १०० ने वाढला. कर्जदाराने हप्ता भरला की नोंद उलटी होते, ठेव खातं नावे, कर्ज खातं जमा, आणि मुद्दलापुरता पैसा नाहीसा होतो.

आता मागच्या कडीला हे जोडा. व्याज महाग झाल्यामुळे नवी कर्जं कमी निघतायत. जुन्या कर्जांचे हप्ते मात्र ठरल्याप्रमाणे येतायत. एकीकडे पैसा निर्माण होण्याचा वेग मंदावला, दुसरीकडे नाहीसा होणं चालूच आहे. म्हणून पैशाच्या पुरवठ्याची वाढ मंदावते. बाणाखाली माणूस आहे, तोच कर्जदार, जो बँकेत आलाच नाही.

पतनिर्मितीच्या प्रकरणातला गुणक याच कसोटीवर घासून पाहण्यासारखा आहे. राखीव प्रमाण १० टक्के असेल, म्हणजे ठेवींच्या १० टक्के रक्कम बँकेने राखीव निधी म्हणून बाजूला ठेवायची असेल, तर १०० च्या राखीव निधीवर १००० च्या ठेवी उभ्या राहतात, हे गणित परीक्षेत येतं, सोडवा, गुण घ्या. पण साखळीत "राखीव निधी वाढला → कर्जं वाढली" असा बाण काढून खाली माणूस लिहायला जा. कर्ज मागणारा कोण? तो आला पाहिजे, आणि बँकेलाही त्याला द्यावंसं वाटलं पाहिजे. २००८ च्या आर्थिक संकटानंतर अमेरिकेची मध्यवर्ती बँक, फेडरल रिझर्व्ह, हिने रोखे विकत घेऊन बँकांकडे प्रचंड राखीव निधी ओतला. तिचा ताळेबंद एक लाख कोटी डॉलरच्या आतून २०१४ अखेरपर्यंत साधारण साडेचार लाख कोटींवर गेला. पुस्तकी गुणक धरला तर चलनवाढीचा कहर व्हायला हवा होता. प्रत्यक्षात २०१० ते २०१९ या दहा वर्षांत तिथली चलनवाढ सरासरी २ टक्क्यांच्याही खाली राहिली. लोक जुनी कर्जं फेडण्यात गुंतले होते, बँका हात आखडून होत्या, आणि राखीव निधीवर फेडरल रिझर्व्ह ऑक्टोबर २००८ पासून व्याजही देत होती. गुणक ही कमाल मर्यादा आहे. तिथपर्यंत पैसा आपोआप चढत नाही.

शेवटची कडी आणि तिची किंमत

कर्ज कमी, खरेदी कमी. मग माल विकणाऱ्याकडे गिऱ्हाईक कमी येतं. भाव वाढवावेत असं त्याला अजूनही वाटतंच, पण वाढवले तर उरलेलं गिऱ्हाईकही जाईल. म्हणून तो कमी वाढवतो, किंवा थांबतो. चलनवाढ उतरते. इथे तुमचं पहिलं वाक्य येतं, साखळीच्या शेपटाला. दोन्ही वाक्यं खरी होती, पण एक पहिल्या बाणाचं होतं आणि दुसरं शेवटच्या बाणाचं. मधे सहसा एक ते दोन वर्षांचं अंतर असतं, म्हणून एकाच महिन्याचे आकडे शेजारी ठेवून कारण शोधायला गेलं की फसगत होते.

उत्तरपत्रिकेत जवळपास दर वर्षी दिसणारी एक चूक इथेच सांगून टाकतो. चलनवाढ उतरली म्हणजे भाव उतरले नव्हेत. १०० ची वस्तू ११० झाली, मग ११३ झाली. चलनवाढ १० वरून २.७ टक्क्यांवर आली, वस्तू मात्र महागच झाली.

सगळी साखळी वहीत अशी दिसते:

```
चलनवाढ चढली
  → मध्यवर्ती बँकेने दर वाढवला      (समिती; आठवडे-महिने)
  → बँकांची कर्जं महागली             (कर्ज विभाग; महिने)
  → वास्तव व्याजदर चढला?            (इथे वजाबाकी करा)
  → नवी कर्जं घटली                  (व्यापारी, कुटुंब; महिने-वर्ष)
  → पैशाच्या पुरवठ्याची वाढ मंदावली   (तोच कर्जदार)
  → मागणी आणि रोजगार घटले           (गिऱ्हाईक, कामगार)
  → चलनवाढ उतरली                   (विक्रेता; एक-दोन वर्षं)
```

प्रश्नचिन्ह मुद्दाम ठेवलंय. तिथे उत्तर "नाही" आलं तर पुढचे बाण हलत नाहीत. आणि सातव्या ओळीत "रोजगार" आहे तिकडे मुलांचं लक्षच जात नाही. चलनवाढ उतरण्याची वाट त्या ओळीवरून जाते.

अमेरिका, १९७९ ते १९८२

साखळी खरी की कागदी, हे पाहायला या तीन-चार वर्षांइतकं स्वच्छ उदाहरण सापडणं कठीण. १९७० चं दशक तिथे चढत्या भावांचं होतं. १९७५ चंच साल घ्या. चलनवाढ ९.१ टक्के आणि बँकाबँकांमधला एका रात्रीचा व्याजदर सरासरी ५.८ टक्के. आपला पहिला व्यापारी आठवा, ६ ने कर्ज काढून ९ ने भाव वाढणारा माल भरणारा. व्याजदर शून्य नव्हता, मागच्या दशकांच्या मानाने चांगला चढा होता, पण वजाबाकीनंतर उणे होता.

ऑगस्ट १९७९ मध्ये पॉल व्होल्कर फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष झाले. ६ ऑक्टोबर १९७९ ला, शनिवारी संध्याकाळी, त्यांनी जाहीर केलं की यापुढे व्याजदरापेक्षा बँकांच्या राखीव निधीवर, म्हणजे पैशाच्या पुरवठ्यावर, नियंत्रण ठेवलं जाईल आणि व्याजदर जिथे जाईल तिथे जाऊ दिला जाईल. म्हणजे पुस्तकातल्या क्रमाने, पुरवठा आधी आणि व्याज नंतर. एप्रिल १९८० पर्यंत एका रात्रीचा दर १७ टक्क्यांच्या पुढे गेला. चलनवाढ मार्चमध्ये १४.८ टक्क्यांवर पोचलेली होती.

मग एक गोष्ट घडली जी मी वर्गात नेहमी सावकाश सांगतो. १९८० च्या पूर्वार्धात मंदी आली, त्यातच सरकारने कर्जांवर निर्बंध आणले होते, आणि व्याजदर झपाट्याने खाली सोडला गेला. जुलै १९८० मध्ये तो ९ टक्क्यांच्या आसपास होता. चलनवाढ तेव्हाही १३ टक्क्यांच्या घरात. वजाबाकी करा, उणे ४. प्रश्नचिन्हापाशी साखळी तुटली. एवढं सोसूनही चलनवाढ हटली नाही आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. जानेवारी १९८१ मध्ये दर १९ टक्क्यांवर होता.

दुसऱ्या खेपेला जास्त का सोसावं लागलं? बाजूला लिहून ठेवलेला शब्द आता घ्या, अपेक्षा. लोकांनी पाहिलं होतं की मंदीची चाहूल लागली की व्याज खाली येतं. म्हणून व्यापारी पुढच्या वर्षीही भाव १० टक्के वाढणार असंच धरून चालला होता आणि कामगारांच्या संघटना पगारवाढ त्याच हिशोबाने मागत होत्या. अपेक्षित भाववाढ १० असेल तर १२ टक्के व्याज कुणाला जड वाटत नाही. लोकांचा अंदाज मोडायचा तर दर उंच ठेवून तिथेच टिकवायला हवा होता, मंदी आली तरी.

तो टिकवला. ऑक्टोबर १९८१ मध्ये घरांच्या तीस वर्षांच्या कर्जाचं व्याज १८ टक्क्यांच्या पुढे गेलं. घर बांधणाऱ्या व्यावसायिकांनी लाकडाच्या फळ्यांचे तुकडे निषेध म्हणून फेडरल रिझर्व्हला टपालाने पाठवले, मोटारविक्रेत्यांनी न खपलेल्या गाड्यांच्या किल्ल्या पाठवल्या. "नवी कर्जं घटली" या ओळीखालची माणसं कोण, असा प्रश्न पडला तर ती ही. फळी पाठवणाऱ्याकडे घर मागायला कुणी आलं नव्हतं, कारण घर घेणारं कुटुंब १८ टक्क्यांचा हप्ता मोजून परत गेलं होतं.

जुलै १९८१ ते नोव्हेंबर १९८२ पुन्हा मंदी. १९८२ च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर पोचली. त्या वर्षअखेरीला चलनवाढ ४ टक्क्यांच्या किंचित खाली आलेली होती. दर चढवायला सुरुवात झाल्यापासून तीन वर्षं, त्यातलं जवळजवळ एक वर्ष १९८० च्या माघारीत वाया गेलेलं.

पुरवठ्याचा आकडा कुठे फसवतो

या कथेतला एक धागा अजून लोंबकळतोय. व्होल्कर यांनी पैशाच्या पुरवठ्यावर लगाम ठेवायचं जाहीर केलं होतं. मग ऑक्टोबर १९८२ मध्ये त्यांनीच पुरवठ्याच्या मुख्य आकड्याला, रोख अधिक चालू ठेवी अशा संकुचित पैशाला, एवढं महत्त्व देणं का सोडलं?

धड्यातलं प्रसिद्ध समीकरण M × V = P × Y. पैशाचा पुरवठा गुणिले चलनवेग बरोबर भावपातळी गुणिले उत्पादन. मुलं M आणि P मधे थेट बाण काढतात आणि V ला स्थिर म्हणून सोडून देतात. पण V खालीसुद्धा माणूस आहे. एक एकक पैसा वर्षात किती वेळा हातोहात जातो हे तो ठरवतो. जानेवारी १९८१ पासून अमेरिकेत देशभर ज्यावर धनादेश काढता येतो आणि व्याजही मिळतं अशी खाती सुरू झाली. लोकांनी बचतीचे पैसे त्यात आणून ठेवले. हिशोबात ते संकुचित पैशात मोजले गेले, म्हणून M वाढलेला दिसला. पण ते खर्चासाठी आणलेले पैसे नव्हतेच, नुसते पडून राहायला आले होते. V उतरला.

आकड्यांत पाहायचं तर समजा M ८ टक्क्यांनी वाढला आणि V ५ टक्क्यांनी घटला. मग P × Y ची वाढ साधारण ३ टक्के. नुसता M बघणारा म्हणेल चलनवाढ ८ टक्क्यांकडे चाललीय, आणि दर आणखी चढवेल, मंदी असतानाही. म्हणून तो आकडा बाजूला पडला. माझ्या साखळीत पैशाचा पुरवठा मधे बसतो, टोकाला नाही, त्याचं हेही एक कारण. कर्ज निघाल्याने वाढलेला पैसा खर्चासाठीच काढलेला असतो. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकलेला पैसा तसा असेलच असं नाही. पुरवठा वाढल्याचा आकडा दिसला की तो कुठल्या नोंदीतून वाढला हे आधी विचारायचं.

साखळी जिथे लागूच होत नाही

एक मुलगी साखळी काढून घेऊन आली. सगळे बाण नीट, माणसं नीट. तिने विचारलं, "सर, खनिज तेल महागल्यामुळे भाव वाढले तर? व्याज वाढवून तेल थोडंच निघणार आहे?"

नाही निघणार. १९७३ आणि १९७९ या दोन्ही तेलसंकटांत हाच पेच होता. साखळीतले सगळे बाण मागणीच्या बाजूने चालतात. पुरवठा आटल्याने भाव चढले असतील तर व्याजाने मागणी आवळता येते, आटलेला पुरवठा परत आणता येत नाही. तरीही मध्यवर्ती बँका अशा वेळी कधीकधी दर वाढवतात, ते एकदाच झालेली भाववाढ लोकांच्या अपेक्षेत आणि पगारांत मुरू नये म्हणून. तिथे बाणाखालचा माणूस बदलतो. गिऱ्हाईकाच्या जागी पगाराची बोलणी करणारा येतो.

दोन प्रकार ओळखायचे कसे, हे तिने पुढे विचारलं. मी तिला फक्त भाव न बघता विकलेल्या मालाचं परिमाणही बघायला सांगितलं. भाव चढले आणि मालही जास्त खपला, तर मागणीने ओढलेली चलनवाढ. भाव चढले आणि माल कमी खपला, तर पुरवठ्याने ढकललेली. प्रत्यक्षात दोन्ही मिसळलेल्या असतात, पण कशाचा जोर जास्त ते या एका तुलनेने पुष्कळदा कळतं. मागणी-पुरवठ्याच्या जुन्या आकृतीत कुठली रेषा सरकली हेच ते, पहिल्या सत्रात शिकलेलं.

मग तिने साखळीच्या शेवटच्या चौकटीवर बोट ठेवलं. "चलनवाढ पूर्ण उतरली की मध्यवर्ती बँक दर कमी करते, म्हणजे इथून परत वर बाण, बरोबर?"

"पूर्ण उतरेपर्यंत थांबली तर किती उशीर होईल, ते मोज," मी म्हटलं. तिने बाणांखालचे महिने जोडले. दीड-दोन वर्षं. आज केलेली दरकपात गिऱ्हाईकापर्यंत पोचायलाही तेवढाच वेळ, आणि तोवर कामगार घरी बसलेले. १९८२ च्या जूनमध्ये अमेरिकेत चलनवाढ ७ टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे काम संपलेलं नव्हतं, आणि एका रात्रीचा दर १४ टक्क्यांवर होता. वर्षअखेरपर्यंत तो ९ च्या जवळ आणला गेला. तिने वजाबाकी केली, जूनमध्ये ७, डिसेंबरमध्ये सुमारे ५. दर उतरवूनही वास्तव व्याज चढंच राहिलं होतं. तिने शेवटच्या चौकटीवरून काढलेला बाण खोडला आणि दोन चौकटी आधी, "पैशाच्या पुरवठ्याची वाढ मंदावली" तिथून वर काढला. खाली लिहिलं, "समिती, अंदाजाने."